जावास्क्रिप्टचे अधिक आणि वजा: `"5" + 3` चे 53 होतात, मग `"5" - 3` चे 2 कसे?

खरेदीच्या वेबसाइटवर वस्तूच्या शेजारी वजा आणि अधिक अशी दोन बटणे असतात आणि मधल्या चौकटीत नगांची संख्या असते. समजा तिथे २ आहेत. वजा दाबले की १ होतो. अधिक दाबले की ३ व्हायला हवेत, पण येतात २१. पुन्हा दाबले तर २११. जावास्क्रिप्ट नव्याने शिकणाऱ्याच्या हातून हे बटण पहिल्यांदा असेच बनण्याची दाट शक्यता असते. त्याला काही उलगडत नाही, कारण दोन्ही बटणांचा कोड दिसायला सारखाच असतो:

```js
// वजाचे बटण
qtyInput.value = qtyInput.value - 1;   // "2" चे 1

// अधिकचे बटण
qtyInput.value = qtyInput.value + 1;   // "2" चे "21"
```

एक चिन्ह सोडले तर दोन ओळींत काहीच फरक नाही. तरी एक ओळ गणित करते आणि दुसरी आकडे एकमेकांना चिकटवते. यामागे एक ठरलेला, लेखी नियम आहे आणि तो चार-पाच वाक्यांत सांगता येतो. तो कळला की असल्या चुका नुसत्या उत्तराकडे बघूनही ओळखता येतात.

## आकडा वेगळा, आकड्याचा मजकूर वेगळा

जावास्क्रिप्टमधल्या प्रत्येक मूल्याला एक प्रकार असतो. इथे आपल्याला दोनच प्रकार लागतील. `5` हा नंबर आहे, त्याच्याशी गणित होते. `"5"` ही स्ट्रिंग आहे, म्हणजे अवतरण चिन्हांत ठेवलेला मजकूर. त्या मजकुरात एकच अक्षर आहे आणि ते योगायोगाने अंकासारखे दिसते. पिनकोड आणि मोबाइल नंबर अंकांतच लिहितात, पण दोन पिनकोडांची बेरीज कुणी करत नाही. तो मजकूरच असतो आणि संगणकातही तो स्ट्रिंग म्हणूनच ठेवायचा असतो.

वेबपेजवरच्या चौकटीत माणूस जे टाइप करतो, ते ब्राउझर सहसा स्ट्रिंग म्हणूनच देतो. चौकट `type="number"` ची असली तरी तिच्या `value` मधून येते ती स्ट्रिंगच. पानाच्या पत्त्यात `?page=2` असे लिहिलेले असेल, तर तिथून काढलेले `2` सुद्धा स्ट्रिंग असते. ब्राउझरच्या `localStorage` मध्ये नंबर साठवून परत वाचला, तर तोही स्ट्रिंग होऊन येतो. म्हणजे बाहेरून आत येणारा बराचसा आकडा नंबर नसतोच, आणि पडद्यावर पाहून ते कळत नाही, कारण `5` आणि `"5"` दोन्ही पडद्यावर ५ असेच उमटतात.

एका प्रकारचे मूल्य मिळाले आणि काम दुसऱ्या प्रकाराचे असले, तर जावास्क्रिप्ट न विचारता आपणहून रूपांतर करते. याला टाइप कोअर्शन म्हणतात. यापुढे मी त्याला नुसते रूपांतर म्हणेन. रूपांतर अधिकच्या ओळीतही होते आणि वजाच्या ओळीतही होते. फरक आहे तो त्याच्या दिशेत.

## अधिक आधी विचारते, मग काम करते

जावास्क्रिप्टमध्ये `+` या चिन्हाकडे दोन कामे आहेत. नंबर असतील तर बेरीज, मजकूर असेल तर जोडणी. `"राम" + "राव"` लिहिले की `"रामराव"` मिळते. पोस्टात एकाच खिडकीवर दोन कामे चालत असतील, तर तिथला माणूस आधी हातातला कागद पाहतो आणि मग ठरवतो, हे मनीऑर्डरचे की पार्सलचे. ज्या खिडकीवर एकच काम चालते, तिथे हा प्रश्न उद्भवतच नाही. `+` ही पहिली खिडकी आणि `-` ही दुसरी.

`+` ने पाहायच्या गोष्टीही ठरलेल्या आहेत. डावीकडे आणि उजवीकडे काय आहे ते पाहायचे. दोघांपैकी एकही स्ट्रिंग असेल, तर दुसऱ्याचीही स्ट्रिंग करायची आणि दोन्ही जोडायच्या. एकही स्ट्रिंग नसेल, तरच दोघांचे नंबर करून बेरीज करायची. म्हणून `"5" + 3` मध्ये `3` चे `"3"` होते आणि उत्तर `"53"` येते. `true + 1` मध्ये कुठेच स्ट्रिंग नाही, म्हणून `true` चा `1` धरला जातो आणि उत्तर `2` येते.

मजकुराच्या बाजूला झुकते माप देण्यामागे साधे कारण आहे. कोणत्याही नंबरचा मजकूर करता येतो, त्यात अडचण कधीच येत नाही. उलट दिशेला मात्र अडचण आहे. `"एकूण रक्कम: " + 440` या ओळीत डावीकडच्या मजकुराचा नंबर करायला गेलो तर काय करणार? प्रोग्रामर अशा ओळी रोज लिहितात आणि तिथे त्यांना जोडणीच हवी असते. अडचण येते ती मजकुरात नुसते अंकच असतात तेव्हा, कारण मजकुरात काय लिहिले आहे हे `+` वाचत नाही. तो स्ट्रिंग आहे की नाही, एवढेच पाहते.

हा निर्णय एका वेळी एकाच `+` पुरता असतो आणि ओळ डावीकडून उजवीकडे सोडवली जाते. त्यामुळे मजकूर कुठे येतो यावर सगळे अवलंबून राहते:

```js
1 + 2 + "3"   // "33"
"1" + 2 + 3   // "123"
```

पहिल्या ओळीत आधी १ आणि २ भेटले. दोन्ही नंबर, म्हणून ३ झाले. मग त्या ३ ला `"3"` भेटले आणि ते चिकटले. दुसऱ्या ओळीत सुरुवातच मजकुराने झाली, आणि एकदा मजकूर आला की पुढच्या प्रत्येक अधिकच्या डावीकडे मजकूरच राहतो.

## वजा विचारत का नाही?

मजकुरातून मजकूर वजा करणे याला अर्थच नाही. `"रामराव"` मधून `"राव"` काढायचे तर कुठून काढायचे, दोनदा आले असेल तर कोणते काढायचे, मुळात नसलेच तर काय करायचे, हे काहीच ठरलेले नाही. म्हणून `-` कडे एकच काम आहे, नंबरांची वजाबाकी. ते दोन्ही बाजूंचे नंबर करून मोकळे होते. `"5" - 3` मध्ये `"5"` चा `5` होतो आणि उत्तर `2` येते. गुणाकार, भागाकार आणि बाकी काढणारे `%` हे तिघेही वजासारखेच वागतात.

नंबर करता आला नाही तर `NaN` मिळते, म्हणजे ‘हा नंबर नाही’ असे सांगणारे एक खास मूल्य. `"पाच" - 3` चे उत्तर `NaN`. ते पुढच्या सगळ्या गणितात पसरत जाते आणि शेवटी पडद्यावर रकमेच्या जागी `NaN` दिसते. ग्राहकाला ते वाईट दिसते हे खरे, पण काहीतरी बिघडले आहे हे लगेच कळते. अधिकच्या चुकीत तसे होत नाही, तिथे अगदी खऱ्यासारखी रक्कम दिसते.

या दोन वागण्यांचा झगडा एकाच ठिकाणी पाहायचा असेल, तर एकाने वाढवण्याच्या दोन पद्धती पाहाव्यात. `q` मध्ये `"2"` असताना `q++` लिहिले तर `q` चे `3` होतात, आणि `q += 1` लिहिले तर `"21"`. बहुतेक पुस्तके या दोन्हींचा अर्थ एकच सांगतात. नंबरांसाठी तो आहेही. पण `++` हे चिन्ह गणितापलीकडे काही करत नाही, म्हणून ते आधी नंबर करून घेते. `+=` च्या पोटात मात्र तेच दोन कामांचे अधिक बसलेले आहे.

## हे असे ठरले कुठून

ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत मे १९९५ मध्ये या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत तयार केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नेटस्केप आणि सन या दोन कंपन्यांनी मिळून ती जाहीर केली. सनची जावा भाषा तेव्हा नवी आणि जोरात होती, आणि ही नवी भाषा दिसायला जावासारखी हवी असे वरून सांगितले गेले होते. जावामध्ये `+` ला आधीपासूनच ही दोन कामे होती. तिथेही `"5" + 3` चे उत्तर `"53"` हेच आहे.

पण `"5" - 3` असे जावात लिहिले, तर प्रोग्राम तयारच होत नाही, चूक दाखवून थांबतो. वाटा फुटतात त्या इथे. जावा पूर्णवेळ प्रोग्रामरांसाठी होती, तर नेटस्केपची भाषा वेबपेज बनवणाऱ्या हौशी माणसांच्या हातात जायची होती. पेजवरचे फॉर्म तपासणे हे तिचे सुरुवातीचे मोठे काम होते, आणि फॉर्ममधून येतो तो मजकूर. तेव्हा चूक दाखवून थांबण्यापेक्षा नंबर करून गणित उरकावे, हा कल सोयीचा होता. जावाकडून आलेले अधिक आणि सोयीसाठी सैल ठेवलेले वजा असे दोन वेगळे निर्णय एकाच भाषेत शेजारी बसले. दोन्ही आपापल्या जागी समजण्यासारखे आहेत, पण एकत्र आले की वरच्या बटणासारखा प्रकार होतो.

इतर भाषांनी वेगळ्या वाटा घेतल्या. पायथनमध्ये `"5" + 3` लिहिले की प्रोग्राम तिथेच चूक दाखवतो, रूपांतर तुम्ही करा म्हणतो. पीएचपी आणि पर्ल या भाषांत मजकूर जोडायला टिंबाचे वेगळे चिन्ह आहे, त्यामुळे `+` ला एकच काम उरते आणि `"5" + 3` चे उत्तर सरळ ८ येते. म्हणजे सगळा दोष रूपांतरावर टाकता येत नाही. पीएचपीतही रूपांतर होतेच. गोंधळाचे मूळ आहे ते एका चिन्हाला दिलेल्या दोन कामांत.

## क्रम बदलला आणि ४४० चे ४४,९९० झाले

आता एक बिल शेवटपर्यंत सोडवून पाहू. एका दुकानाच्या पानावर दोन चौकटी आहेत, वस्तूची किंमत आणि सवलत. घरपोच पोहोचवण्याचे ४० रुपये कोडमध्येच लिहिलेले आहेत. ग्राहकाने किंमत ४५० आणि सवलत ५० भरली.

```js
const price = priceInput.value;        // "450"
const discount = discountInput.value;  // "50"
const delivery = 40;

const total = price - discount + delivery;   // 440
```

उत्तर बरोबर आले. का आले ते पाहा. आधी वजाबाकी झाली, तिने `"450"` आणि `"50"` यांचे नंबर केले आणि ४०० मिळाले. मग अधिकच्या डावीकडे नंबर, उजवीकडेही नंबर, म्हणून खरी बेरीज झाली. वजाने नकळत अधिकची वाट साफ करून दिली.

काही महिन्यांनी दुकानदार म्हणतो, बिलावर आधी पोहोचवण्याचा खर्च दिसू दे आणि मग सवलत. प्रोग्रामर बिलाचा क्रम बदलतो आणि त्याला जुळावे म्हणून हिशोबाची ओळही तशी करतो. बेरीज-वजाबाकीत क्रमाने उत्तर बदलत नाही, हे शाळेपासून माहीत असल्यामुळे यात धोका आहे असे कुणालाच वाटत नाही.

```js
const total = price + delivery - discount;   // 44990
```

आता अधिक आधी आले. डावीकडे `"450"` ही स्ट्रिंग, म्हणून `40` ची `"40"` झाली आणि जोडून `"45040"` तयार झाले. त्यानंतर वजा आले, त्याने त्या मजकुराचा मुकाट्याने ४५,०४० हा नंबर केला, त्यातून ५० काढले आणि ४४,९९० हातात दिले. मधला चिकटलेला मजकूर गायब झाला, शेवटी उरला एक स्वच्छ नंबर. `typeof total` विचारले तर उत्तर `"number"` येते. चूक अधिकने केली आणि वजाने तिच्या खुणा पुसल्या.

पहिली ओळ तरी खरी बरोबर होती का? पोहोचवण्याचा खर्च गावानुसार बदलायचा म्हणून तोही उद्या चौकटीतून घेतला, तर `delivery` मध्ये `"40"` येईल आणि त्याच पहिल्या ओळीचे उत्तर `"40040"` होईल. ती ओळ मूल्यांच्या विशिष्ट मांडणीपुरतीच बरोबर होती. म्हणून एका उदाहरणात उत्तर जुळले, यावरून कोड बरोबर आहे असे धरता येत नाही. कोणत्या चौकटीतून काय प्रकार येतो, तेच पाहावे लागते.

## चूक झाली आहे हे ओळखायचे कसे?

पहिली खूण उत्तरातच असते. रक्कम अपेक्षेपेक्षा थोडी नव्हे, दहापट-शंभरपट मोठी येते, आणि तिच्यात मूळ आकडे शेजारीशेजारी वाचता येतात. `40040` मध्ये ४०० आणि ४० स्पष्ट दिसतात. `44990` मध्ये तसे दिसत नाही, पण सवलतीचे ५० परत मिळवले की `45040` उघडे पडते. यादीतल्या रकमांची बेरीज शून्यापासून सुरू करून केली आणि रकमा स्ट्रिंग असल्या, तर `"0100250"` असे काहीतरी मिळते. रकमेच्या सुरुवातीला शून्य आणि त्याला लागून दुसरा अंक दिसला की ते चिकटवलेलेच आहे, कारण नंबर कधी असा छापला जात नाही. तसेच `0100.00250.00` असे दोन दशांश चिन्हांचे आकडेही जोडणीशिवाय तयार होत नाहीत.

दुसरी खूण ब्राउझरच्या कंसोलमध्ये मिळते, पण तिथे एक खोडा आहे. `console.log(qty)` लिहिले तर स्ट्रिंग अवतरण चिन्हांशिवाय छापली जाते. रंगात फरक असतो, पण घाईत तो नजरेतून सुटतो. मूल्य चौकटी कंसात टाकून `console.log([qty])` असे छापले, तर `['2']` की `[2]` हे लगेच कळते. तपासणी मात्र शेवटच्या उत्तराची न करता आत येणाऱ्या प्रत्येक मूल्याची करायची. वरच्या बिलात शेवटी सगळे ठीकठाकच दिसत होते.

आत आल्यावर नंबर केला तरी वाटेत त्याची पुन्हा स्ट्रिंग होऊ शकते. दोन दशांश स्थळे दाखवायला वापरतात ते `toFixed(2)` स्ट्रिंग देते. ४०० रुपयांवर १८ टक्के कर काढून `(400 * 0.18).toFixed(2)` केले, तर `"72.00"` हा मजकूर मिळतो, आणि `400 + "72.00"` चे होतात `"40072.00"`. दशांश स्थळांची सजावट बेरीज पूर्ण झाल्यावर, दाखवायच्या क्षणीच करावी.

## मग `Number()` लावले की झाले?

बरेचसे काम होते. मूल्य आत येताक्षणी `Number(priceInput.value)` केले, की पुढच्या सगळ्या ओळींत अधिकला नंबरच भेटतात आणि क्रमाचा प्रश्न संपतो. पण `Number()` लाही दोन-तीन ठिकाणी जपावे लागते.

रिकामी चौकट म्हणजे `""`, आणि `Number("")` चे उत्तर `NaN` येत नाही, `0` येते. किंमत भरायची राहिली तर वस्तू फुकट ठरते. नुसत्या मोकळ्या जागा टाइप केल्या तरी शून्यच. दुसरी गोष्ट स्वल्पविरामाची. आपल्याकडे माणसे `1,500` असे लिहितात. `Number("1,500")` ला ते वाचता येत नाही, ते `NaN` देते. मग कुणीतरी सुचवते, `parseInt` वापरा. `parseInt("1,500")` चे उत्तर येते `1`. ते अंक वाचत जाते आणि पहिला न समजणारा वर्ण आला की तिथेच थांबते, पण चूक दाखवत नाही. पंधराशेचा एक रुपया होण्यापेक्षा `NaN` परवडले.

मराठीत काम करणाऱ्यांनी तिसरी गोष्ट लक्षात ठेवायला हवी. `Number("४५०")` चे उत्तर `NaN` आहे. रूपांतर करताना जावास्क्रिप्ट फक्त `0` ते `9` हे अंक ओळखते, देवनागरी अंक तिच्यासाठी इतर अक्षरांसारखेच. पण हीच भाषा देवनागरीत लिहून मात्र देते. `(1500).toLocaleString("mr-IN")` लिहिले की `"१,५००"` मिळते. ते पडद्यावर दाखवले आणि नंतर पडद्यावरूनच वाचून हिशोबात घेतले, तर वजाला `NaN` मिळते आणि अधिक ते जोडून मोकळे होते. म्हणून हिशोबाचा नंबर वेगळ्या नावात जपून ठेवायचा आणि पडद्यावरचा मजकूर फक्त वाचणाऱ्यासाठी ठेवायचा.

ही सगळी काळजी एका जागी घेता येते:

```js
function readAmount(input) {
  const text = input.value.replaceAll(",", "").trim();
  if (text === "") return NaN;
  return Number(text);
}
```

मिळालेले मूल्य `Number.isNaN()` ने तपासायचे आणि तसे असेल तर ग्राहकाला रक्कम नीट भरायला सांगायचे. रिकाम्या चौकटीसाठी `null` परत करावे असे काहींना वाटेल. पण तपासायचे राहिले तर `null + 40` चे उत्तर `40` येते, कारण गणितात `null` चा शून्य धरला जातो. `NaN` मध्ये कितीही मिळवा, ते `NaN` च राहते, आणि विसरलेली तपासणी त्यामुळे लगेच उघडी पडते.

## तुलनेच्या चिन्हांचे काय?

`<` आणि `>` यांचा नियम अधिकच्या उलट आहे. अधिकला एक बाजू मजकूर असली तरी पुरते. तुलनेला दोन्ही बाजू मजकूर असाव्या लागतात, तरच ती मजकुरासारखी होते, नाहीतर नंबरांसारखी. `"450" > 1000` चे उत्तर `false` आहे, बरोबर. पण `"450" > "1000"` चे उत्तर `true` येते, कारण आता शब्दकोशासारखी तुलना चालली आहे आणि `"4"` हे `"1"` च्या नंतर येते. किमान खरेदीची मर्यादा कोडमध्ये लिहिलेली असेपर्यंत सगळे सुरळीत चालते. ती चौकटीतून यायला लागली की साडेचारशेची खरेदी हजाराच्या वर ठरते. उपाय तोच, आत येताना नंबर करून घेणे.

## तारखेलाही हाच नियम लागतो का?

लागतो, आणि तिथे तो छान उघड होतो. जावास्क्रिप्टमधली तारीख ही ना नंबर ना स्ट्रिंग. गरज पडेल तशी ती दोन्ही होऊ शकते. एका तारखेतून दुसरी वजा केली की मधल्या वेळाचे मिलिसेकंद मिळतात, कारण वजा नंबर मागते. पण एक दिवस पुढची तारीख काढायला कुणी ८,६४,००,००० मिलिसेकंद मिळवायला गेले, तर असे होते:

```js
new Date(2026, 0, 1) + 86400000
// "Thu Jan 01 2026 00:00:00 GMT+0530 (India Standard Time)86400000"
```

अधिकने दोन्ही बाजू पाहिल्या. नंबर-स्ट्रिंगपलीकडची बाकीची बहुतेक मूल्ये अशा वेळी आधी नंबर होऊन पाहतात. तारीख मात्र आधी मजकूर होते, तसे भाषेच्या नियमांतच ठरवलेले आहे. एक बाजू मजकूर झाली की पुढचे ठरलेलेच. इथे `date.getTime() + 86400000` असे लिहून आधी नंबर मागून घ्यावा लागतो.

## इतका त्रास आहे, तर भाषाच दुरुस्त का करत नाहीत?

कारण आजचा ब्राउझर वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची पानेही चालवतो. त्यांतली असंख्य पाने `"एकूण: " + 440` अशा जोडणीवर आणि `"5" - 3` अशा वजाबाकीवर उभी आहेत. नियम बदलला की ती मोडतील, आणि ती दुरुस्त करायला त्यांचे मालक असतीलच असे नाही.

असा एक प्रयत्न झालाही होता. १९९७ च्या सुमारास नेटस्केपने भाषेच्या १.२ या आवृत्तीत `==` हे समानतेचे चिन्ह रूपांतराशिवाय चालेल असे केले होते. पण त्याच वर्षी जून महिन्यात आलेल्या, भाषेचे नियम लिहून ठरवणाऱ्या अधिकृत मानकात रूपांतर करणारे `==` कायम राहिले, आणि १.३ मध्ये नेटस्केपलाही मागे यावे लागले. रूपांतर न करणारे `===` हे वेगळे चिन्ह १९९९ च्या मानकात दाखल झाले. जुने तसेच ठेवायचे आणि कडक नियमाचे नवे शेजारी आणायचे, हीच पद्धत पुढेही चालू राहिली.

२०२० च्या मानकात फार मोठ्या पूर्णांकांसाठी बिगइंट हा नवा प्रकार आला, तो आकड्याच्या शेवटी `n` लावून लिहितात. त्याच्या मागे कुणाची जुनी पाने नव्हती, त्यामुळे तिथे नियम कडक करता आला. `1n + 1` लिहिले की जावास्क्रिप्ट चूक दाखवून थांबते, बिगइंट आणि नंबर आपणहून मिसळत नाही. पण `"5" + 1n` चे उत्तर आजही `"51"` आहे. मजकूर आहे का, हा अधिकचा पहिला प्रश्न बिगइंटपुढेही पहिलाच राहिला.

## टाइपस्क्रिप्ट वापरले तर?

टाइपस्क्रिप्ट ही जावास्क्रिप्टवर प्रकारांची तपासणी चढवणारी भाषा. कोड चालवण्याआधीच ती चुका दाखवते. पण या विषयात ती काय दाखवते ते नीट पाहावे. `"5" - 3` ला ती हरकत घेते, म्हणते गणिताच्या डावीकडे नंबर हवा. `"5" + 3` ला मात्र हरकत घेत नाही, कारण मजकुराला नंबर जोडणे हा भाषेचा मान्य वापर आहे आणि चांगल्या कोडमध्येही तो जागोजागी असतो. म्हणजे ज्या ओळीचे उत्तर बहुधा बरोबर येते तिला अडवते आणि जी रक्कम बिघडवते तिला जाऊ देते.

अधिकची चूक पकडायची असेल, तर टाइपस्क्रिप्टला उत्तर कोणत्या प्रकाराचे हवे ते सांगावे लागते:

```ts
const total: number = priceInput.value + 40;   // इथे चूक दाखवते
```

`: number` लिहिले नाही, तर `total` ही स्ट्रिंग आहे असे ती मुकाट्याने धरते आणि पुढे जाते. हिशोबाच्या फंक्शनांना आत येणारी मूल्ये नंबर हवीत आणि बाहेर जाणारे उत्तर नंबर हवे, एवढे दोन ठिकाणी लिहिले तर `"450"` हा मजकूर बेरजेपर्यंत पोहोचतच नाही. बिलाच्या उदाहरणात `price` ला `: number` लावले असते, तर `priceInput.value` वाचणाऱ्या पहिल्याच ओळीवर लाल रेघ आली असती, क्रम बदलायच्या कितीतरी आधी.